आय.डी. फॅनचे बेअरिंग दर हंगामात का जाते? व्यवस्थापनाला कंपन-मापनाचा प्रस्ताव

बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरच्या आय.डी. फॅनचे, म्हणजे भट्टीतला धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याचे, बेअरिंग ऐन गाळपात पुन्हा पुन्हा जात असेल, तर नवे बेअरिंग बसवून ती तक्रार मिटत नाही. ऑफ सीझनला सरसकट बेअरिंग बदलून टाकले तरी मिटत नाही. खाली दिलेले पत्र या दुखण्याचे मूळ शोधत व्यवस्थापनापुढे प्रस्ताव कसा मांडावा, याचा नमुना आहे. त्यासाठी रोज ३५०० टन गाळपाचा, दोन बॉयलरचा कारखाना गृहीत धरला आहे. पत्रातील मोजमापे उदाहरणाची आहेत. आपल्या फॅनची मापे घालून पत्र वापरता येईल.

प्रति,
मा. कार्यकारी संचालक

विषय : बॉयलर क्र. २ च्या आय.डी. फॅनचे वारंवार निकामी होणारे बेअरिंग, आणि कंपन-मापनावर आधारित देखभाल सुरू करण्याबाबत

महोदय,

बॉयलर क्र. २ च्या आय.डी. फॅनचे बेअरिंग गेल्या तीन हंगामांत पाच वेळा गेले. प्रत्येक वेळी फॅन सरासरी नऊ तास बंद राहिला. या बॉयलरला एकच आय.डी. फॅन असल्याने तेवढा वेळ गाळप निम्म्यावर आले. ३५०० टनांच्या हिशेबाने ताशी सुमारे १४६ टन ऊस गाळला जातो. त्याच्या निम्मे धरले तर एका बिघाडात साधारण ६५० टन ऊस गव्हाणीवर थांबून राहिला. हा ऊस नंतर गाळला गेलाच, त्यामुळे सगळी साखर बुडाली असे मी म्हणणार नाही. मात्र वाळलेल्या उसाचा घटलेला उतारा, घरात अडकलेला रस आणि बॉयलर पुन्हा वाफेवर आणायला जाळलेला बगॅस हे नुकसान खरे आहे.

पाचही वेळा आपण बेअरिंग बदलले आणि विषय संपला असे मानले. देखभाल विभागाची ही चूक मी आधीच मान्य करतो. जुनी बेअरिंगे भंगारात टाकण्याऐवजी धुऊन नीट पाहिली असती, तर कारण दोन हंगाम आधी हाती लागले असते. शेवटची तीन बेअरिंगे आम्ही राखून ठेवली होती. ती उघडून पाहिल्यावर जे दिसले त्यावर हे पत्र आधारलेले आहे.

बेअरिंग भाराने गेलेले नाही

फॅनला दोन्ही टोकांना प्लमर ब्लॉकमध्ये २२२२२ के हे स्फेरिकल रोलर बेअरिंग अडॅप्टर स्लीव्हवर बसवलेले आहे. फेरे मिनिटाला ९८५. इंपेलर आणि शाफ्ट मिळून वजन सुमारे १५०० किलो, म्हणजे एका बेअरिंगवर साडेसातशे किलो. या बेअरिंगची गतिक भारक्षमता पन्नास टनांच्या वर आहे. इतक्या कमी भारावर ते अनेक वर्षे चालायला हवे. आपल्याकडे मात्र पाचांपैकी तीन बेअरिंगे बसवल्यापासून तीन आठवड्यांच्या आत गेली. म्हणून "मोठे बेअरिंग टाकू" किंवा "महागड्या कंपनीचे घेऊ" या सूचनांत मला अर्थ वाटत नाही. क्षमता कमी पडलेली नाही. ते बसवताना आणि चालवताना बिघडते आहे.

दुसरी खूण आणखी बोलकी आहे. पाचांपैकी चार बेअरिंगे एकाच टोकाची आहेत, मोटरपासून लांबच्या टोकाची. राखून ठेवलेल्या तीनपैकी दोन या टोकाची होती. दोन्हींत रोलरच्या दोन रांगांपैकी एकच रांग घासलेली होती आणि दुसरी जवळपास नवी दिसत होती. स्फेरिकल बेअरिंगमध्ये एकच रांग झिजली, तर शाफ्ट त्याला लांबीच्या दिशेने रेटत होता असे समजावे.

असे का झाले, ते प्लमर ब्लॉक उघडल्यावर कळले. मोटरकडचे टोक बांधलेले आणि लांबचे टोक मोकळे, अशी या फॅनची मूळ रचना आहे. बांधलेल्या टोकाला बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना लोकेटिंग रिंगा बसतात. मोकळ्या टोकाला त्या बसवायच्या नसतात, कारण शाफ्ट तापला की त्या टोकाला बेअरिंगने हाउसिंगमध्ये सरकायला हवे. आपल्या फॅनला दोन्ही टोकांना रिंगा होत्या. स्टोअरमधून प्रत्येक ब्लॉकसोबत रिंगांची जोडी येते आणि फिटर ती बसवतो. सुटा भाग उरला तर काम अर्धवट राहिले असे वाटणे स्वाभाविक आहे. रिंग कुठे नको हे कुठल्याही कार्डावर लिहिलेले नव्हते.

दोन बेअरिंगांमधले अंतर ३ मीटर आहे. वेट स्क्रबरनंतर वायूचे तापमान ७० अंशांच्या आसपास असते. ३० अंशांना बसवलेला शाफ्ट ४० अंशांनी तापला, तर पोलाद मीटरला अंशामागे ०.०१२ मि.मी. वाढते या हिशेबाने तो १.४ मि.मी. लांबतो. स्क्रबरचे पाणी तासभर बंद पडले तर त्याहून जास्त. बेअरिंगच्या आतल्या मोकळिकीत यातले काही दशांश मि.मी. जिरतात. उरलेले शाफ्ट कुठे नेणार? तो रोलरच्या एका रांगेवर चढतो, बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होऊन वाहून जाते. रिंगा होत्या तोवर मोकळ्या टोकाचे तापमान ८४ अंश आणि मोटरकडचे ५८ अंश होते. एकाच शाफ्टवरच्या दोन सारख्या बेअरिंगांत २६ अंशांचा फरक ही तक्रार म्हणून नोंदवायला हवी होती. लॉगशीटवर दोन्ही आकडे "९० च्या आत" म्हणून बरोबरची खूण होती.

पाचवे बेअरिंग आणि राख

मोटरकडचे गेलेले एक बेअरिंग वेगळ्या कारणाने गेले. स्लीव्हच्या आतल्या बाजूला शाफ्ट घसरल्याचे तांबूस-काळे पट्टे होते. स्लीव्हची नट अंदाजाने आवळलेली होती. या मापाच्या बेअरिंगला बसवण्याआधी फीलर गेजने वरच्या रोलरवरची मोकळीक मोजायची असते, आणि नट आवळताना ती ०.०५० ते ०.०७० मि.मी. ने कमी होईपर्यंतच आवळायचे असते. सी३ क्लिअरन्सच्या बेअरिंगमध्ये शेवटी किमान ०.०६५ मि.मी. मोकळीक उरलीच पाहिजे. कमी आवळले तर स्लीव्ह शाफ्टवर घसरते. जास्त आवळले तर मोकळीक संपून बेअरिंग स्वतःच्या उष्णतेनेच अडकते. हातोडा आणि "घट्ट झाले" हा अनुभव या दोन्हींमधला फरक सांगू शकत नाही.

या दोन्ही प्रकारच्या बिघाडांना हातभार लावते ती राख. स्क्रबरमधून उडालेले थेंब इंपेलरवर बसतात आणि त्यांवर राखेचा थर चिकटतो. हंगामाच्या सुरुवातीला पावसानंतरचा चिखल लागलेला ऊस येतो, तेव्हा राखेत मातीही जास्त असते. थर सगळ्या पात्यांवर सारखा बसला तर फारसे बिघडत नाही. एका पात्यावरचा तुकडा सुटून पडला की तोल जातो. ८०० मि.मी. त्रिज्येवरच्या ३०० ग्रॅम राखेने किती जोर येतो, तो असा निघतो :

```
F = m × r × ω²
ω = 2π × 985 / 60 = 103.1 rad/s
F = 0.3 × 0.8 × 103.1² ≈ 2550 N
```

म्हणजे २६० किलोचा धक्का, जो सेकंदाला सोळा वेळा शाफ्टभोवती फिरतो. बेअरिंगच्या क्षमतेपुढे हा भारही किरकोळ आहे. पण त्याने फाउंडेशनचे बोल्ट ढिले होतात, स्लीव्ह सैल पडते आणि ब्लॉकचे सील शाफ्टवर घासून उघडे पडतात. उघड्या सीलमधून सिलिका असलेली राख ग्रीसमध्ये शिरते. तिसऱ्या बेअरिंगचे ग्रीस बोटांत चोळले तर वाळूसारखे लागत होते.

तारखेवर चालणाऱ्या देखभालीने हे का पकडले नाही

सध्या आपण दोन गोष्टी करतो. दर ऑफ सीझनला दोन्ही बेअरिंगे बदलतो आणि दर पंधरा दिवसांनी ग्रीस भरतो. बेअरिंग वयामुळे जात असते तर पहिली गोष्ट बरोबर ठरली असती. प्रत्यक्षात ती चांगले चाललेले बेअरिंग काढून त्या जागी बसवणीच्या चुकीचा नवा धोका आणते. हा फक्त आपला अनुभव नाही. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी दिलेल्या अहवालात विमानाच्या सुट्या भागांपैकी फक्त ११ टक्क्यांत वय वाढेल तसा बिघाड वाढताना दिसला होता. विमान आणि आय.डी. फॅन एक नव्हेत, पण आपल्या नोंदीही त्याच बाजूला झुकतात.

ग्रीसचेही तसेच. बेअरिंगचा बाहेरचा व्यास २०० आणि रुंदी ५३ मि.मी. आहे. प्रचलित सूत्राने, म्हणजे ०.००५ गुणिले व्यास गुणिले रुंदी, एका वेळी सुमारे ५३ ग्रॅम ग्रीस पुरते. आपल्याकडे गनचे "तीस-चाळीस पंप" मारले जातात, आणि एका पंपाला किती ग्रॅम निघते हे कोणी मोजलेले नाही. दहा पंप कागदावर काढून वजन करण्याचे हे पाच मिनिटांचे काम आहे. जास्त ग्रीसमध्ये रोलर घुसळत राहतात आणि बेअरिंग तापते. मग तापले म्हणून आणखी ग्रीस मारले जाते.

कंपनाच्या मापाने काय दिसते

मागच्या हंगामाचे शेवटचे आठ आठवडे आम्ही भाड्याने आणलेल्या डेटा कलेक्टरने या फॅनची मापे घेतली. दोन्ही बेअरिंगांवर आडवी, उभी आणि शाफ्टच्या दिशेची अशी तीन-तीन मापे, आणि मोटरच्या दोन्ही टोकांवर तशीच. मोकळ्या टोकाच्या आडव्या दिशेचा कंपनवेग, आरएमएस मि.मी. प्रति सेकंदात, पहिले सहा आठवडे असा होता : २.९, ३.३, ४.१, ५.६, ३.२, ७.४. पाचव्या आठवड्यात फॅनला कोणी हातही लावलेला नव्हता, तरी आकडा निम्म्याजवळ आला आणि सातच दिवसांत दुपटीच्या वर गेला.

काही न करता असे खाली-वर होणे हे चिकटलेल्या आणि सुटलेल्या राखेचे लक्षण आहे. पात्यांची झीज असती तर आकडा हळूहळू चढत गेला असता आणि कधीच उतरला नसता. स्पेक्ट्रममध्ये जवळपास सगळी ताकद १६.४ हर्ट्झवर, म्हणजे फॅनच्या एका फेऱ्याच्या वारंवारतेवर होती. शाफ्टच्या दिशेचे माप कमी होते आणि दुप्पट वारंवारतेवर काही नव्हते, त्यामुळे कपलिंगचे अलाइनमेंट संशयाबाहेर गेले. सहाव्या आठवड्याच्या नियोजित सफाई बंदमध्ये इंपेलर खरवडून धुतला आणि आकडा ३.१ वर आला.

इथे थांबलो असतो तर पुन्हा फसलो असतो. ३.१ हा चांगला आकडा आहे, पण कंपनवेग बेअरिंगची सुरुवातीची इजा दाखवत नाही. रोलर तडा गेलेल्या जागेवरून जाताना बसणारा ठोका फार लहान आणि फार उच्च वारंवारतेचा असतो, आणि तोलाच्या मोठ्या कंपनात तो बुडून जातो. तो दिसण्यासाठी उपकरणात एन्व्हलप हे वेगळे माप घ्यावे लागते. त्यात तिसऱ्या आठवड्याला ०.४, पाचव्याला १.३, सहाव्याला २.२ असा आकडा होता. सातव्या आठवड्यात, इंपेलर स्वच्छ असताना, तो ३.० झाला. तोल सुधारला तरी हा आकडा वाढतच गेला.

त्याच्या स्पेक्ट्रममध्ये १३४ हर्ट्झवर टोक होते आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट अंतरावरही टोके होती. बेअरिंगच्या एका रांगेत १९ रोलर धरले, तर बाहेरच्या रेसची वारंवारता ढोबळमानाने ०.४ गुणिले १९ गुणिले १६.४, म्हणजे १२५ हर्ट्झ येते. रोलरची संख्या जास्त असली की खरा आकडा या ढोबळ हिशेबापेक्षा थोडा वर जातो, म्हणून शेवटची खातरजमा बेअरिंग कंपनीच्या तक्त्यावरून करायची. आतल्या रेसची इजा असती तर प्रत्येक टोकाच्या दोन्ही बाजूंना १६.४ हर्ट्झ अंतरावर छोटी टोके दिसली असती, कारण आतली रेस शाफ्टबरोबर भाराखाली येते आणि बाहेर पडते. ती टोके नव्हती. निदान झाले : बाहेरची रेस, मोकळे टोक.

आठव्या आठवड्यातल्या पुढच्या सफाई बंदपर्यंत फॅन चालू ठेवला, पण माप आठवड्याऐवजी रोज घेतले. बेअरिंग काढल्यावर बाहेरच्या रेसवर अंगठ्याच्या नखाएवढा खपला उडालेला होता, एकाच रांगेखाली. काम पाच तासांत झाले, कारण बेअरिंग, स्लीव्ह, सील आणि दोन फिटर आधीच जागेवर होते. अचानक बंदमध्ये जे नऊ तास लागतात त्यातले बरेचसे फॅन थंड होण्यात, स्टोअरमध्ये शोधाशोधीत आणि चिकटलेली स्लीव्ह काढण्यात जातात. लोकेटिंग रिंगा त्याच वेळी काढल्या. त्यानंतर मोकळ्या टोकाचे तापमान ६१ अंशांवर स्थिरावले.

काय करावे, असा प्रस्ताव

सगळ्या कारखान्याला सेन्सर लावावेत असे मी सुचवत नाही. पहिल्या हंगामासाठी एक हातात धरायचा डेटा कलेक्टर, १०० मिलिव्होल्ट प्रति जी संवेदनशीलतेचे दोन अॅक्सिलरोमीटर आणि चुंबकी पाया एवढेच हवे. दोन्ही बॉयलरचे आय.डी. आणि एफ.डी. फॅन, फीड वॉटर पंप आणि इंजेक्शन पंप मिळून १४ यंत्रे आठवड्याला एका पाळीत मोजून होतात. दुसऱ्या टप्प्यात फक्त दोन आय.डी. फॅनवर कायमचे सेन्सर लावून ते कंट्रोल रूमच्या पॅनेलला जोडावेत. ते बेअरिंगची सुरुवातीची इजा सांगणार नाहीत. राखेचा तुकडा रात्री दोन वाजता पडला, तर मात्र आठवडी मापाच्या आधी तेच ओरडतील.

मर्यादा ठरवताना ३०० किलोवॉटपर्यंतच्या औद्योगिक फॅनसाठी आयएसओ १४६९४ हे मानक घ्यावे. पक्क्या पायावरच्या फॅनसाठी त्यात नवीन उभारणीला ४.५, इशाऱ्याला ७.१ आणि बंद करण्याला ९.० मि.मी. प्रति सेकंद अशा पायऱ्या आहेत. आपला नियम असा असावा : ४.५ ओलांडले की माप रोज घ्यायचे आणि येत्या सफाईत इंपेलर धुवायचा, ७.१ ला २४ तासांत धुण्यासाठी थांबायचे, ९.० ला ताबडतोब बंद. कायमच्या सेन्सरवरच्या ट्रिपला काही सेकंदांचा विलंब ठेवावा आणि फॅन सुरू होताना ट्रिप तेवढ्यापुरता रोखून ठेवावा, नाहीतर फॅन चालू करतानाच ट्रिप होईल आणि चार दिवसांनी कोणीतरी तो कायमचा बायपास करून ठेवेल. एन्व्हलपसाठी सरसकट मर्यादा वापरू नये. त्याच यंत्राचा चांगल्या स्थितीतला आकडा घ्यावा आणि त्याच्या तिप्पट झाला की चौकशी करावी.

मापाची शिस्त नसेल तर उपकरण कितीही चांगले असले तरी आकडे फसवतील. सेन्सरची जागा रंगाने खुणावलेली असावी, तिथला रंग खरवडून धातू उघडा करावा, आणि जागा ब्लॉकच्या जाड भागावर असावी, झाकणाच्या पत्र्यावर नव्हे. मोजताना फॅनचे फेरे लिहावेत. व्हीएफडीवर फॅन ८०० फेऱ्यांवर असताना घेतलेले माप ९८५ च्या मापाशी ताडून पाहता येत नाही, कारण तोलाचा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. तेवढ्या फरकात तो दीडपट होतो. उपकरणात १००० हर्ट्झपर्यंतचा पल्ला आणि ३२०० रेषा ठेवाव्यात. यामागे कारण आहे. मोटरच्या विद्युत दोषाचे टोक १०० हर्ट्झवर येते आणि फॅनच्या फेऱ्याचा सहावा गुणाकार ९८.५ वर. रेषा कमी ठेवल्या तर दोन्ही एकच टोक दिसते आणि मोटर विनाकारण वाइंडिंगला जाते.

बॅलन्सिंगबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. राख चिकटलेल्या इंपेलरवर तोलाचे वजन वेल्ड करायला मी यापुढे परवानगी देणार नाही. त्या दिवशी आकडा छान येतो, पण राख पडली की वेल्ड केलेले वजनच बेतोल होऊन बसते. आधी खरवडणे, मग धुणे, मग माप, आणि तरीही ४.५ च्या वर असेल तरच बॅलन्सिंग. १५०० किलोच्या या रोटरला जी ६.३ श्रेणीने ८०० मि.मी. त्रिज्येवर एकूण साधारण ११५ ग्रॅम बेतोल चालतो. ३०० ग्रॅमचा राखेचा तुकडा त्याच्या अडीचपटीहून जास्त आहे, त्यामुळे न धुता केलेल्या बॅलन्सिंगचा हिशेब कधीच जुळणार नाही. धुतल्यावरही आडवे माप उभ्याच्या तीन-चार पट राहिले, तर तोल सोडून फाउंडेशनचे बोल्ट आणि ग्राउटिंग पाहावे.

हे माप कुठे उपयोगी नाही, तेही नोंदवतो. मिलचे रोलर मिनिटाला चार-पाच फेरे फिरतात आणि त्यांची बेअरिंगे गनमेटलची आहेत. तिथे तापमान आणि तेलाचा प्रवाह पाहणेच योग्य. मोकळ्या टोकाच्या रिंगेसारखी चूक कंपन स्वतः सांगत नाही. ते बेअरिंग जाण्याआधी काही आठवडे इशारा देते, पण चूक तशीच राहिली तर तोच इशारा दर हंगामात मिळत राहील. म्हणून उपकरणाच्या खरेदीइतकीच दोन कागदांची मंजुरी मला हवी आहे : प्रत्येक फॅनसाठी रिंगांचे टोक, फीलर गेजची आधीची व नंतरची नोंद आणि ग्रीसचे ग्रॅम लिहायचे बसवणी-कार्ड, आणि काढलेले प्रत्येक बेअरिंग उघडून, फोटो काढून तपासल्याशिवाय भंगारात जाणार नाही, असा आदेश.

माणसांच्या बाजूने विद्युत किंवा यांत्रिक विभागातला एक तंत्रज्ञ हंगामापूर्वी आयएसओ १८४३६-२ च्या पहिल्या श्रेणीच्या प्रशिक्षणाला पाठवावा. मापे घेणे आणि सोपी निदाने त्याला जमतील. पहिल्या हंगामात अवघड स्पेक्ट्रम बाहेरच्या अनुभवी विश्लेषकाकडून वाचून घ्यावेत. त्या तंत्रज्ञाला पाळीच्या इतर कामांत ओढू नये. मार्गावरची दोन आठवड्यांची मापे चुकली की इशाऱ्याचा कालावधीच हातातून जातो.

या बदल्यात ऑफ सीझनला या १४ यंत्रांची बेअरिंगे सरसकट बदलणे थांबवावे. ज्यांचे एन्व्हलप शांत आहे आणि ग्रीस स्वच्छ आहे, ती उघडूच नयेत. स्टोअरमध्ये आय.डी. फॅनसाठी स्लीव्हसह दोन बेअरिंगे आणि सीलचा एक संच कायम ठेवावा. हंगामाच्या शेवटी यश मोजायचे ते अचानक बंदच्या तासांनी, घेतलेल्या मापांच्या संख्येने नव्हे. आणि इशारा मिळूनही फॅन चालवत ठेवल्याने बेअरिंग गेले, तर ते वेगळ्या रकान्यात लिहावे, म्हणजे चूक मापाची की निर्णयाची हे कळेल.

डेटा कलेक्टरची तीन कोटेशने, १४ यंत्रांच्या मापन-जागांचा आराखडा आणि बसवणी-कार्डाचा मसुदा सोबत जोडला आहे. पहिल्या टप्प्याच्या खरेदीला बॉयलर पेटवण्याच्या किमान सहा आठवडे आधी मंजुरी मिळाली, तर प्रशिक्षण आणि प्रत्येक यंत्राचे पहिले, चांगल्या स्थितीतले माप चाचणीच्या दिवसांतच घेता येईल. ते माप हुकले तर वर्षभर कशाशी ताडायचे हाच प्रश्न उरेल.

आपला विश्वासू,
देखभाल अभियंता (यांत्रिक)

प्रत : मुख्य अभियंता, स्टोअर विभाग, लोकेटिंग रिंगा यापुढे ब्लॉकसोबत न देता वेगळ्या मागणीपत्रावर देण्यासाठी